फोनवर मिटलं, कागदावर कधी?

समजा, पुण्यातल्या एका दुकानदाराने रंगकाम करून घेतलं. कंत्राटदाराचं बिल जीएसटीसह १,१८,००० रुपयांचं. एका भिंतीला पोपडे धरले, दुकानदाराने पैसे अडवले. अखेर फोनवर ठरलं: ९४,४०० द्या आणि मिटवा.

खरी गफलत इथून पुढे होते. पैसे जमा होतात आणि दोन महिन्यांनी कंत्राटदार म्हणतो, "ते अंशतः दिलेत, बाकीचे?" म्हणून पैसे पाठवण्याआधी, त्याच संध्याकाळी, ईमेल जायला हवा:

"बिल क्र. ४१ मधील वादाबाबत आज फोनवर ठरल्याप्रमाणे ९४,४०० रुपये पूर्ण व अंतिम तडजोड म्हणून देण्यात येतील. रक्कम १० तारखेपर्यंत खात्यात जमा होताच या बिलापोटी उभय पक्षांचा एकमेकांवर कोणताही दावा उरणार नाही. मान्य असल्यास कळवावे."

'जमा होताच' हे शब्द कंत्राटदाराला सांभाळतात; पैसे आलेच नाहीत तर मूळ दावा शाबूत राहतो. 'या बिलापोटी' यामुळे दुसरी बिलं अडकत नाहीत. मात्र भिंतीची हमी चालू ठेवायची असेल, तर तसं वेगळं लिहावं, नाहीतर तीही गेली असा अर्थ निघू शकतो. आणि उत्तरात 'मान्य' येईपर्यंत थांबावं. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे.

कमी रकमेवर कर्ज फिटतं का? भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६३ नुसार येणेकरी स्वखुशीने उरलेलं सोडू शकतो. दबावाखाली घेतलेली सही मात्र कोर्टात टिकणं कठीण.

उरलेल्या २३,६०० रुपयांची क्रेडिट नोट कंत्राटदाराकडून मागून घ्यावी. ती नसेल तर त्याच्या वहीत थकबाकी तशीच दिसत राहते.