शेवंतीचे घड्याळ आणि गॅलरीतला दिवा

पिवळ्या शेवंतीशेजारी जांभळा पेटुनिया फार शोभतो, असे रंगांचे शास्त्र सांगते आणि त्यात खोटे काही नाही. अडचण एवढीच, की धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीसारख्या गावात, घरच्या गॅलरीत वाढवलेली ही दोन झाडे भर बहरात एकमेकांना क्वचितच भेटतात. शेवंतीचा जोर दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि डिसेंबरात ओसरतो. पेटुनियाचे बी सप्टेंबर-ऑक्टोबरात टाकले, तर त्याला खरा भर येतो जानेवारी-फेब्रुवारीत. तोवर शेवंतीची फुले सुकून तपकिरी झालेली असतात. म्हणून गॅलरीसाठी रंग निवडताना आधी वेळापत्रक जुळवावे, मग उजेड कुठून येतो ते पाहावे. रंगांच्या जोड्यांचा विचार त्यानंतरचा.

शेवंती नेमकी हिवाळ्याच्या तोंडावरच का फुलते? थंडीमुळे, असे आपण सहज म्हणतो. थंडीचा हात त्यात असतो, पण मुख्य खूण तिला मिळते ती रात्रीच्या लांबीवरून. अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अलार्ड या दोघांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून दाखवून दिले, की अनेक झाडे फुलायची वेळ दिवसाच्या लांबीवरून ठरवतात. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी झांथियमवर प्रयोग केले. कपड्यांना चिकटणारी काटेरी फळे येणारे हे तण आपल्याकडेही ओढ्याकाठी माजते. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ उजेड पाडला, तर हे झाड फुलायचे विसरते. उलट दिवसा काही वेळ अंधार केला, तर त्याला त्याचे काही वाटत नाही. म्हणजे झाड मोजते ती सलग रात्र. पानांतला फायटोक्रोम हा रंगद्रव्याचा रेणू लाल प्रकाशाने रूप बदलतो आणि अंधारात हळूहळू परत फिरतो. त्यावरून उजेड आहे की अंधार, हे झाडाला कळते.

वाशी साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. तिथला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. फरक जेमतेम सव्वादोन तासांचा, पण शेवंतीला तो पुरतो. पावसाळा सरता सरता रात्र वाढू लागते, शेंड्याची वाढ थांबते आणि तिथे कळी धरते. किती लांब रात्र लागेल हे वाणागणिक बदलते, म्हणून एकाच गल्लीत एकीची शेवंती दसऱ्याला फुलते आणि दुसरीची मार्गशीर्षात.

आता गॅलरीतल्या दिव्याकडे येऊ. रात्रभर जळणारा एलईडी किंवा समोरच्या खांबावरचा नगरपंचायतीचा दिवा शेवंतीच्या पानांवर पडत असेल, तर तिच्या लेखी रात्र मोडलेली असते. पॉलीहाउसमधले शेतकरी मुद्दाम हेच करतात. शेवंतीने उंच वाढावे आणि लवकर फुलू नये म्हणून ते मध्यरात्री काही तास दिवे लावतात. घरी मात्र हे नकळत घडते आणि दोष खताला लागतो. ओळखायचे कसे? झाड हिरवेगार, तजेलदार, नवी पाने काढत असते, पण नोव्हेंबर उजाडला तरी शेंड्याला कळी नसते. पुष्कळदा दिव्याकडच्या फांद्या बिनकळीच्या आणि भिंतीच्या सावलीतल्या फांद्या कळ्यांनी लगडलेल्या दिसतात. असे एकाच कुंडीत दिसले, की दुसऱ्या पुराव्याची गरज उरत नाही. उपाय फुकटचा आहे: सप्टेंबरपासून कळ्या नीट भरेपर्यंत तो दिवा झोपण्याआधी बंद करायचा. खांबावरचा दिवा आपल्या हातात नसतो, तेव्हा कुंडी हलवायची किंवा त्या जागी वेगळे झाड ठेवायचे. मखमलीचा बुटका झेंडू रात्रीच्या हिशोबाबाबत बराच बेफिकीर असतो. बी टाकल्यापासून दीड-दोन महिन्यांत तो फुलू लागतो आणि वाळकी फुले खुडत राहिले तर पुढे फुलतच राहतो.

वेगवेगळ्या जातींची वेळापत्रके जुळवण्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे एकाच जातीचे वेगवेगळे रंग घेणे. त्यांची घड्याळे मुळातच जवळजवळ सारखी. यासाठी ॲस्टरइतके चांगले झाड नाही, असे माझे मत आहे. हारवाल्यांच्या टोपल्यांत पांढरा, गुलाबी, जांभळा असा दिसतो तोच हा. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पुण्यातील गणेशखिंड केंद्रातून निघालेले ‘फुले गणेश व्हाइट’, ‘फुले गणेश पिंक’, ‘फुले गणेश व्हायोलेट’ हे वाण शेतकऱ्यांना ओळखीचे आहेत. बी मात्र ताजेच घ्यावे. ॲस्टरच्या बियांची उगवणशक्ती फार लवकर जाते. गेल्या वर्षीच्या पुडीतून चारच रोपे उगवली तर माती बदलू नका, पुडी बदला.

वर्षाच्या घड्याळाबरोबर दिवसाचेही एक घड्याळ असते. चिनी गुलाब, ज्याला लोक ‘ऑफिस टाइम’ म्हणतात, नऊ-दहाला उन्हाबरोबर उघडतो आणि दुपार कलली की मिटतो. गुलबक्षी चार-पाचनंतर उमलते. दोघेही एकाच महिन्यात फुलतात, पण शेजारी लावले तरी एकत्र दिसत नाहीत. आणि नऊला घर सोडून सहाला परतणाऱ्याला चिनी गुलाब फक्त रविवारी भेटतो. शेवंती, ॲस्टर, झेंडू यांची फुले एकदा उमलली की रात्रंदिवस उघडी राहतात. शेवंतीचे फूल दोन-तीन आठवडेही टिकते. त्यामुळे दोन जातींच्या बहरात आठवडाभराची तफावत पडली तरी निभावते.

एकत्र बहर साधला, तरी तो घरातून नीट दिसेलच असे नाही. गॅलरी रस्त्यावरून पाहणाऱ्याला समोरून उजळलेली दिसते. आपण पाहतो अंधाऱ्या खोलीतून, उजेडाच्या दिशेने. फुलांच्या मागे लख्ख आभाळ असते. अशा वेळी गडद लाल आणि गडद जांभळी फुले काळपट ठिपके होऊन बसतात. पातळ पाकळ्यांची पिवळी, फिकट गुलाबी फुले मात्र पाठीमागचा उजेड आरपार येऊन आतून पेटल्यासारखी दिसतात. त्यात भर म्हणजे झाडे उजेडाकडे झुकतात. कोंबातले ऑक्सिन हे संप्रेरक सावलीच्या बाजूला जास्त साठते, त्या बाजूच्या पेशी अधिक लांबतात आणि देठ उजेडाकडे वाकतो. कठड्यावरच्या कुंड्यांमधली फुले त्यामुळे शेजाऱ्यांकडे तोंड करतात आणि आपल्या वाट्याला हिरवे देठ येतात.

यावर दोन गोष्टी करता येतात. पहिली, कुंडी आठवड्याला पाव फेरा फिरवत राहायची आणि फूल अर्धे उमलले की त्याचे तोंड खोलीकडे करून ठेवायचे. देठाची वाढ थांबलेली असल्याने ते मग फारसे वळत नाही. दुसरी आणि अधिक भरवशाची गोष्ट म्हणजे मुख्य रंग कठड्यावर न ठेवता बाजूच्या भिंतीशी ठेवणे. समजा गॅलरी दक्षिणेकडे आहे. डिसेंबरात वाशीत भर दुपारीही सूर्य दक्षिणेला ४८ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे ऊन छपराखालून चांगले आत येते. सकाळी ते आग्नेयेकडून येऊन पश्चिमेच्या बाजूभिंतीवर पडते, दुपारनंतर नैर्ऋत्येकडून पूर्वेच्या भिंतीवर. सकाळचा चहा घेताना फुले पाहायची असतील तर ती पश्चिमेच्या भिंतीशी, कामावरून लवकर परतणाऱ्यांनी पूर्वेच्या. हीच गॅलरी मेच्या मध्यापासून जुलै अखेरपर्यंत भर दुपारी पूर्ण सावलीत असते, कारण सूर्य तेव्हा डोक्यावरून किंचित उत्तरेला गेलेला असतो. हिवाळ्याची मांडणी उन्हाळ्यात म्हणूनच चालत नाही.

आता जोड्या. पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत मिशेल शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ रंगकामाचे प्रमुख होते. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली. रंगात खोट सापडेना, तेव्हा दोष शेजारच्या धाग्यांचा आहे हे त्यांच्या लक्षात आले. शेजारचा रंग आपल्या डोळ्यातला रंग बदलतो, हे त्यांनी १८३९ च्या ग्रंथात सविस्तर मांडले आणि त्यात बागेतल्या फुलांच्या मांडणीवरही लिहिले. जांभळ्याशेजारी पिवळा, निळ्याशेजारी नारिंगी, आणि लाल-गुलाबी फुले हिरव्या पानांत वा पांढऱ्याच्या सोबतीत, असा त्यांचा सल्ला होता. आपल्या गॅलरीत फुलांचा सर्वांत मोठा शेजारी म्हणजे भिंत. भिंत पिवळट किंवा भगव्या छटेची असेल, तर नारिंगी झेंडू तिच्यात विरघळतो आणि जांभळा ॲस्टर उठून दिसतो. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीपुढे पांढरी शेवंती वाया जाते.

संध्याकाळचे गणित आणखी वेगळे. झेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी दोनशे वर्षांपूर्वी पाहिले, की पहाटेच्या अंधुक उजेडात लाल फुले काळी आणि निळी फुले उजळ भासतात. मंद प्रकाशात डोळ्यातल्या शंकुपेशी मागे पडतात आणि दंडपेशी काम हाती घेतात, त्यांना लाल जवळजवळ दिसतच नाही. नोव्हेंबरअखेर वाशीत पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. संध्याकाळी घरी येणाऱ्याने लालऐवजी पांढरा, फिकट पिवळा, फिकट जांभळा हेच घ्यावेत.

एवढे सगळे धरून, दक्षिणेकडच्या, पांढरट पिवळ्या भिंतींच्या चार-पाच फुटी गॅलरीसाठी मी अशी मांडणी सुचवेन. फिकट पिवळ्या शेवंतीच्या तीन कुंड्या, जांभळ्या ॲस्टरच्या तीन, पांढऱ्या ॲस्टरच्या दोन, सगळ्या दहा इंची. शेवंतीचे फुटवे किंवा छाट जूनमध्ये लावायचे. महिनाभराने शेंडा खुडायचा, फांद्या फुटल्या की एकदा आणखी. १५ ऑगस्टनंतर खुडणी बंद, नाहीतर फांद्या कोवळ्या राहतात आणि बहर लांबतो. ॲस्टरचे बी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ट्रेमध्ये टाकून सप्टेंबरात चार-पाच पानांची रोपे कुंडीत, एका कुंडीत तीन. बियांपासून फुलापर्यंत साधारण साडेतीन महिने जातात, म्हणजे दोघांची गाठ नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पडते. पिवळी शेवंती मधोमध उंचीवर, जांभळा ॲस्टर तिच्या दोन्ही अंगांना भिंतीशी, आणि पांढरा दाराजवळ, जिथे खोलीतला दिवा त्याच्यावर पडतो. ॲस्टरच्या कळ्या रात्रीच्या त्या उजेडाने अडत नाहीत. शेवंती मात्र दारापासून लांबच ठेवावी.

पाणी माती वरून सुकल्यावरच घालावे. ॲस्टरची मूळकूज ओल्या मातीतच बळावते, आणि ती दिसते तेव्हा एक फांदी अचानक, पाणी असूनही, मान टाकते. असे झाड मातीसकट काढून टाकावे. त्या कुंडीत पुढच्या वर्षी पुन्हा ॲस्टर लावू नये, कारण ती बुरशी मातीत वर्षानुवर्षे टिकते.