फास्टॅगच्या चिपला वीज कुठून मिळते?

गाडीच्या पुढच्या काचेवर आतून चिकटवलेल्या फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. तरीही टोलनाक्यावरच्या रीडरच्या लहरी अंगावर आल्या की त्यातली चिप जागी होते, आपला क्रमांक सांगते आणि गाडी पुढे गेली की पुन्हा निपचित होते. २०१४ मध्ये अहमदाबाद–मुंबई मार्गावर ही पद्धत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर ती सक्तीची झाली. चिपला लागणारी सगळी वीज हवेतून, त्या लहरींतूनच येते. ती इतकी तुटपुंजी असते की अँटेनाने गोळा केलेली वीज चिपपर्यंत पोचवताना थोडीही हयगय परवडत नाही. म्हणूनच इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात शिकवला जाणारा कमाल शक्ती हस्तांतरणाचा नियम इथे अगदी अटळ होऊन समोर येतो.

आधी वीज किती मिळते ते पाहू. भारतात या कामासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरता येतो. रीडरला त्याच्या अँटेनाच्या दिशेने जास्तीत जास्त ४ वॅटइतक्या ताकदीने लहरी सोडता येतात. पाच मीटरवरच्या टॅगपर्यंत पोचेतो त्या पसरून विरळ होतात. हिशोब केला तर टॅगच्या अँटेनाच्या हाती साधारण १०० मायक्रोवॅट लागतात, म्हणजे वॅटचा दहा हजारावा भाग. चिपला जागं व्हायला १० ते २० मायक्रोवॅट लागतात असं धरू. वरकरणी हातात पाच-दहा पट आहे. पण ही १०० मायक्रोवॅट ‘उपलब्ध’ शक्ती आहे. त्यातली चिपमध्ये किती उतरते हा पुढचा प्रश्न, आणि खरी गंमत तिथेच आहे.

अँटेना हा इथे विजेचा स्रोत आहे आणि चिप हा त्याच्यावरचा भार. कुठल्याही स्रोताला स्वतःचा आतला अडथळा असतो. टॉर्चच्या सेलमध्ये तो साधा रोध असतो. तिथे भाराचा रोध स्रोताच्या आतल्या रोधाइतका ठेवला की भाराला सर्वाधिक शक्ती मिळते. हा नियम १८४० च्या सुमारास मॉरिट्झ फॉन याकोबीने मांडला. सेकंदाला ८६ कोटींहून अधिक आवर्तनं पूर्ण करणाऱ्या प्रवाहाच्या बाबतीत मात्र अडथळ्याचे दोन भाग असतात. एक भाग रोध, जिथे गेलेली शक्ती परत येत नाही. दुसरा रिअ‍ॅक्टन्स, जिथे ती काही क्षण साठते आणि परत येते. कॉइलचा रिअ‍ॅक्टन्स धन मानतात, कपॅसिटरचा ऋण. दोन्ही भाग मिळून होतो इंपीडन्स, आणि तो लिहायला संमिश्र संख्या लागते: रोध हा वास्तव भाग, रिअ‍ॅक्टन्स हा काल्पनिक.

आपल्या टॅगच्या अँटेनाचा इंपीडन्स २० ओहम रोध आणि +२०० ओहम रिअ‍ॅक्टन्स आहे असं समजू. अशा अँटेनांचे खरे आकडे याच्या आसपासच असतात. आता हिला कोणता भार जोडावा?

याकोबीचा नियम जसाच्या तसा लावला तर नुसता २० ओहमचा रोध जोडावासा वाटेल. तसं केलं तर भाराला उपलब्ध शक्तीच्या चार टक्केही मिळत नाहीत, जेमतेम ३.८ मायक्रोवॅट. दुसरा मोह म्हणजे स्रोताची हुबेहूब नक्कल: भारही २० ओहम आणि +२०० ओहम. समान म्हणजे जुळलेलं, असं मनाला पटतं. पण त्यात शक्ती आणखी घसरून १ मायक्रोवॅटवर येते. तिसरा पर्याय इंपीडन्सच्या एकूण परिमाणाइतका, म्हणजे २०१ ओहमचा शुद्ध रोध. भारात फक्त रोधच वापरायचा असेल तर याहून चांगली निवड नाही. तरीही १८ मायक्रोवॅटच हाती येतात. आणि २० ओहम रोधाबरोबर –२०० ओहम रिअ‍ॅक्टन्स, म्हणजे तितक्याच जोराचा कपॅसिटर जोडला, की पूर्ण १०० मायक्रोवॅट भारात उतरतात. वास्तव भाग तोच आणि काल्पनिक भागाचं चिन्ह उलट, यालाच संयुग्मी जुळणी म्हणतात.

असं का होतं ते एका सूत्रात दिसतं. S म्हणजे स्रोत, L म्हणजे भार, V म्हणजे अँटेनाच्या मोकळ्या टोकांवरचा व्होल्टेज:

```
P = V² · R_L / [ (R_S + R_L)² + (X_S + X_L)² ]
```

भाराचा रिअ‍ॅक्टन्स X_L फक्त छेदात येतो, तोही वर्गाच्या आत. वर्ग ऋण होऊ शकत नाही, म्हणून तो शून्य करणं हीच सर्वोत्तम चाल, आणि त्यासाठी X_L हा X_S च्या बरोबर उलटा हवा. ती पायरी झाली की उरतो तो याकोबीचा जुनाच प्रश्न, आणि त्याचं उत्तरही जुनंच: R_L बरोबर R_S. क्रम मात्र असाच हवा. आधी रिअ‍ॅक्टन्स मिटवायचा, मग रोध जुळवायचा. पहिली पायरी गाळून थेट दुसरी केली की हाती ते ३.८ मायक्रोवॅट येतात.

छेदामागे घडतं काय, तर उसनवारी. कॉइल अर्ध्या घटकेला शक्ती मागते आणि पुढच्या अर्ध्या घटकेला परत करते. कपॅसिटर नेमका उलट्या वेळी मागतो आणि परत करतो. दोन शेजारणींनी साखरेची वाटी आपसांतच फिरवली तर दुकानात जावं लागत नाही, तसंच हे दोघे एकमेकांची गरज भागवतात आणि स्रोताला त्यांच्यासाठी वेगळा जोर लावावा लागत नाही. त्याच्यासमोर उरतात फक्त दोन रोध.

यातून एक फायदा आपोआप पदरात पडतो आणि मला तो या साऱ्या रचनेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. आपल्या उदाहरणात अँटेनाच्या मोकळ्या टोकांवर जेमतेम ०.०९ व्होल्ट आहेत. चिपमधल्या डायोडांना एवढ्याशा व्होल्टेजवर काम करता येणं अवघड. पण जुळणी झाली की परिपथात २.२ मिलिअ‍ॅम्पिअर प्रवाह खेळतो आणि चिपच्या २०१ ओहम इंपीडन्सवर ०.४५ व्होल्ट तयार होतात. म्हणजे ट्रान्सफॉर्मर न लावता पाच पट!

प्रत्यक्ष कारखान्यात निवडीची दिशा उलटी असते. चिप तयार येते. तिचा इंपीडन्स तिच्या आतल्या डायोड आणि कपॅसिटरांनी ठरलेला असतो, म्हणून ती नेहमी कपॅसिटरसारखी वागते. मग अँटेनाच तिच्या संयुग्मी घडवावी लागते. जुळणी परस्परांची असल्यामुळे उत्तर तेच येतं. इथे एक सावधगिरी हवी: सूत्रात V तोच ठेवून R_S कमी केला तर शक्ती वाढताना दिसते आणि शून्य रोधाची अँटेना सर्वोत्तम वाटू लागते. तसं नसतं. अँटेनाचा रोध बदलला की तिच्या टोकांवरचा V ही बदलतो. लहरींमधून ती किती शक्ती उचलू शकते याची मर्यादा तिच्या घडणीने आणि दिशेने ठरते. म्हणून अभियंते उपलब्ध शक्ती स्थिर धरतात आणि तिच्यातला किती हिस्सा चिपमध्ये गेला एवढंच पाहतात.

अशा टॅगची पट्टी उजेडाकडे धरली तर ही रचना बहुधा डोळ्यांना दिसते. मधोमध तिळाहून लहान चिप, तिच्याभोवती धातूच्या पातळ पत्र्याचं छोटं वेटोळं आणि दोन्ही बाजूंना नागमोडी हात. वेटोळं कॉइलचं काम करतं, +२०० ओहम मुख्यतः तिथून येतात. नागमोडी हात लहरी पकडतात. वेटोळ्याचा आकार किंचित बदलला की रिअ‍ॅक्टन्स सरकतो.

बिघडतं ते इथेच. काच ही हवा नव्हे. अँटेनाजवळ काच आली की विद्युत क्षेत्राचा काही भाग काचेतून जातो आणि अँटेना जणू लांब झाल्यासारखी वागते; तिचा इंपीडन्स बदलतो. काचेसाठी बनवलेला टॅग म्हणूनच काचेवर जुळलेला असतो. तो हातात धरून दाखवला तर काचेऐवजी हवा आणि बोटं येतात. समजा, त्यामुळे रिअ‍ॅक्टन्स ४० ओहमने चुकला तर शक्ती निम्मी होते. १०० ओहमने चुकला तर १४ मायक्रोवॅट उरतात, चिपच्या गरजेच्या अगदी काठावर. अंतरात सांगायचं तर टॅग वाचता येण्याचा पल्ला जवळपास तिसऱ्या हिश्शावर येतो. (उष्णता अडवणाऱ्या धातूच्या थराच्या काचेचा त्रास वेगळा. तिथे लहरीच आत येत नाहीत, जुळणीचा काही दोष नसतो.)

जुळणी खरंच चुकली आहे की नाही हे ओळखायचं कसं? अँटेनाच्या टोकांना मोजणीची तार जोडली तर तीच अँटेनाचा भाग होऊन मोजणी बिघडवू शकते. म्हणून प्रयोगशाळेत टॅगला हातच लावत नाहीत. ठरावीक अंतरावरून रीडरची ताकद हळूहळू वाढवतात आणि टॅग कोणत्या ताकदीला पहिल्यांदा उत्तर देतो ते नोंदवतात. हेच ८०० ते १००० मेगाहर्ट्झच्या दरम्यान अनेक फ्रीक्वेन्सींवर करतात. आलेख दरीसारखा उतरतो. दरीचा तळ जिथे, जुळणी तिथे. टॅग काचेवर लावून पुन्हा मोजलं की तळ खालच्या फ्रीक्वेन्सीकडे सरकलेला दिसतो. भारतासाठीचा टॅग काचेवर असताना तो तळ ८६६ च्या आसपास यायला हवा.

हा नियम सगळीकडे लावू नये. पूर्ण जुळणीत चिपइतकीच शक्ती अँटेनाच्या २० ओहममध्येही जाते. टॅगच्या बाबतीत त्याची खंत नाही, कारण आलेली लहर वापरली नाही तरी वायाच जाणार. महावितरणने मात्र आपला स्रोत आपल्या घरांशी जुळवला तर निम्मी वीज वाटेतच जाईल आणि २३० ऐवजी ११५ व्होल्ट मिळतील. तिथे स्रोताचा रोध भारापेक्षा होता होईल तेवढा कमी ठेवतात.

आणि टॅगमध्येही जुळणी अखंड ठेवून चालत नाही. अँटेनाच्या २० ओहममधली बरीचशी शक्ती उष्णता न होता लहर बनून पुन्हा हवेत जाते. चिपजवळ बोलायला स्वतःचा ट्रान्समीटर नाही, म्हणून ती आपला इंपीडन्स झपाट्याने बदलत राहते: एका क्षणी संयुग्मी, दुसऱ्या क्षणी मुद्दाम विजोड. तसतसा अँटेनातला प्रवाह बदलतो, परतणारी लहर बदलते आणि रीडर त्या चढउतारातून क्रमांक वाचतो. विजोड क्षणी चिपला वीज जवळपास मिळत नाही, तेव्हा ती आतल्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर चालते. विजोड अवस्था जितकी टोकाची तितकं उत्तर ठळक, पण साठाही तितक्याच वेगाने संपतो. म्हणून त्या दोन अवस्थांमध्ये किती फरक ठेवायचा हे चिप बनवणाऱ्याला आधीच ठरवावं लागतं.