कार्डावरचा बोजा, चासीवरचा नंबर

समजा, लातूरहून पुण्याला शिकायला आलेल्या एका मुलीला कॉलेजला जाण्यायेण्यासाठी जुनी स्कूटर घ्यायची आहे. ओळखीतून एक होंडाची स्कूटर समोर आली. एमएच-12 पासिंग, नोंदणी ऑक्टोबर 2019 ची, रंग शाबूत, किंमत 42 हजार. विकणारा सांगतो, “सिंगल ओनर आहे, कर्ज केव्हाच फिटलंय, पेपर क्लिअर आहेत.” सोबत आलेला मामा किक मारून बघतो, टायर दाबून बघतो, एक चक्कर मारून येतो. आरसीचं स्मार्ट कार्ड मात्र हातात घेऊन नाव पाहिल्यासारखं करून परत दिलं जातं. फसवणुकीला किंवा पुढच्या हेलपाट्यांना सुरुवात होते ती बहुतेक वेळा इथेच.

या कार्डावर मालकाच्या नावापत्त्याखेरीज फायनान्सरचं नाव, इंधन, मालकाचा अनुक्रमांक, चासी आणि इंजिन नंबर असं बरंच काही असतं. पण कार्ड ज्या दिवशी छापलं, त्या दिवसाची माहिती ते सांगतं. त्यानंतर झालेला बदल सरकारच्या ‘वाहन’ या संगणकीय नोंदीत उमटतो, हातातल्या कार्डावर आपोआप उमटत नाही. म्हणून प्रत्येक गोष्ट कार्डावर, parivahan.gov.in वरच्या नोंदीत आणि प्रत्यक्ष गाडीवर अशी ताडून पाहायची असते.

सगळ्यात जास्त अडचण येते ती बोज्यामुळे. गाडी कर्जावर घेतली की आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव चढतं. आरटीओच्या बोलीत त्याला ‘एचपी’ म्हणतात. शेवटचा हप्ता भरला म्हणजे एचपी उतरली, असा मोठा गैरसमज आहे. हप्ते फिटले की बँक ना हरकत दाखला, म्हणजे एनओसी देते. त्यासोबत फॉर्म 35 असतो आणि त्यावर मालक आणि बँक या दोघांच्या सह्या लागतात. हे कागद आरटीओत सादर होऊन नोंद रद्द झाली, तरच बोजा उतरला. कर्ज फिटल्यावर बरेच लोक एनओसी कपाटात ठेवतात आणि विसरतात. बँकांच्या एनओसीवर अनेकदा मुदत असते. ती उलटली की पुन्हा शाखेत जाऊन नवी एनओसी आणावी लागते आणि हे काम मूळ कर्जदारालाच करावं लागतं.

आपल्या उदाहरणातल्या कार्डावर फायनान्सरच्या रकान्यात एका बँकेचं नाव छापलेलं आहे. याचे दोन अर्थ संभवतात. बोजा उतरला, पण नवं कार्ड काढलेलं नाही, असं असेल तर ऑनलाइन नोंदीत ते दिसेल आणि काळजीचं कारण नाही. नोंदीतही बँकेचं नाव कायम असेल, तर विकणाऱ्याच्या “कर्ज फिटलंय” या शब्दावर पैसे देऊ नयेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 51 नुसार कर्ज देणाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय आरसीवर मालकाचं नाव बदलता येत नाही. हप्ते थकलेले असतील तर फायनान्सर गाडी ताब्यात घेऊ शकतो, मग ती कोणाच्याही दारात उभी असो. याच्या उलटही घडतं: कार्ड स्वच्छ दिसतं, पण त्यावर नंतर कर्ज काढलेलं असतं आणि मालक जुनंच कार्ड दाखवत असतो. म्हणून कार्ड कोरं असलं तरी ऑनलाइन नोंद पाहावीच.

आता ‘सिंगल ओनर’. कार्डावर मालकाचा अनुक्रमांक 01 आहे, म्हणजे नोंदीप्रमाणे गाडी पहिल्या मालकाच्याच नावावर आहे. गाडी एकाच माणसाने वापरली, असं मात्र हा आकडा सांगत नाही. सह्या केलेले कोरे ट्रान्सफर फॉर्म, म्हणजे 29 आणि 30 नंबरचे, गाडीसोबत दिले जातात आणि गाडी दोन-तीन हातांतून फिरते. मधल्या कोणाचंच नाव नोंदीत येत नाही. त्यामुळे अनुक्रमांकापेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा, की कार्डावरचं नाव आणि समोर उभा असलेला माणूस एकच आहे का? नसेल, तर मूळ मालकाला प्रत्यक्ष भेटल्याशिवाय किंवा निदान त्याच्याशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये. अनुक्रमांक वाढलेला दिसला, तर तो लगेच दोषही धरू नये. वडील गेल्यावर गाडी मुलाच्या नावावर झाली तरी आकडा 02 होतो.

नाव न बदलण्याचा धोका विकणाऱ्यालाही आहे. एक मोटार हातोहात विकली गेली, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली आणि 2009 मध्ये तिच्यामुळे अपघात झाला. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच टाकली. प्रामाणिक विक्रेत्याला हे सांगितलं, की तोही ट्रान्सफरची घाई करतो.

इंधनाचा रकाना पेट्रोलच्या गाडीत एका नजरेत संपतो. सीटखाली किंवा पुढच्या पॅनलमागे सीएनजीची टाकी दिसली आणि आरसीवर फक्त पेट्रोल असेल, तर किट नोंद न करता बसवलेलं आहे. अपघातानंतर विमा कंपनी त्यावरून दावा अडवू शकते. विजेच्या स्कूटरवर इंधनाच्या जागी ‘ELECTRIC(BOV)’ असं येतं. ताशी 25 किलोमीटरच्या आतल्या आणि 250 वॉटपर्यंतच्या मोटरच्या स्कूटरला मात्र नोंदणीच लागत नाही. त्यामुळे जोरात पळणाऱ्या विजेच्या स्कूटरबद्दल “हिला आरसी लागत नाही” असं कोणी म्हणालं, तर तिचा वेग आणि मोटरची क्षमता आधी तपासावी.

शेवटी चासी नंबर. इथे मामाने थोडे हात काळे करावेत. मोटरसायकलचा नंबर सहसा हँडलखालच्या दांड्यावर, फ्रेमच्या मानेपाशी कोरलेला असतो. स्कूटरमध्ये जागा मॉडेलप्रमाणे बदलते, ती गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेली असते. धूळ-तेल पुसून त्या अक्षरांवर पेन्सिलचं शिसं घासायचं, वर सेलोटेप दाबायची आणि ती उचलून पांढऱ्या कागदावर चिकटवायची. आरटीओतले एजंट चासी प्रिंट अशीच काढतात. मग कार्डावरच्या नंबराशी एकेक अक्षर जुळवायचं.

हा नंबर 17 अक्षरांचा असतो आणि त्यात I, O, Q ही अक्षरं कधीच नसतात. होंडाच्या दुचाकीचा नंबर ME4 ने सुरू होतो, बजाजचा MD2 ने, टीव्हीएसचा MD6 ने. होंडासह अनेक कंपन्यांत दहावं अक्षर वर्ष सांगतं: J म्हणजे 2018, K म्हणजे 2019, L म्हणजे 2020. ऑक्टोबर 2019 ला पास झालेल्या आपल्या स्कूटरवर K असेल तर ठीक. J असेल तर गाडी शोरूममध्ये काही महिने पडून होती, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. L असेल तर मात्र थांबावं, कारण 2019 साली नोंदलेल्या गाडीवर ते अक्षर येण्याचं कारण नाही.

प्रिंट काढताना आणखी एक गोष्ट बोटांना कळते. कंपनीत कोरलेली अक्षरं एका ओळीत आणि सारख्या खोलीची असतात. भोवतीचा धातू घासून खोलगट झालेला असेल, एखादं अक्षर तिरकं असेल, तेवढ्याच पट्ट्यावर ताजा रंग किंवा वेल्डिंगचा चट्टा असेल, तर नंबर बदललेला असण्याची शक्यता आहे आणि तिथेच व्यवहार सोडावा. केवळ गंजामुळे अक्षरं पुसट झाली असतील, तर ट्रान्सफरच्या आधी आरटीओत निरीक्षकाला गाडी दाखवण्याची अट विक्रेत्यालाच घालावी. इंजिनाच्या केसवरचा नंबरही याच बैठकीत ताडून घ्यावा. इंजिन बदललेलं असेल, तर त्याची नोंद आरसीवर हवी.

या स्कूटरच्या बाबतीत बोजा अजून ऑनलाइन दिसतो आहे, बाकी सगळं जुळतं आहे, असं धरू. मग मुलीच्या घरच्यांनी थोडी विसाराची रक्कम द्यावी, पावती घ्यावी, विक्रेत्याने बँकेची ताजी एनओसी आणून एचपी उतरवावी आणि उरलेले पैसे नोंदीतून फायनान्सरचं नाव गेलेलं दिसल्यावर, ट्रान्सफरचा अर्ज भरताना द्यावेत.