डेडलिफ्टमध्ये आधी काय दगा देतं?

जमिनीवरचा बार दोन्ही हातांनी धरायचा आणि ताठ उभं राहायचं, एवढीच डेडलिफ्ट. जिममधला हा दिसायला सगळ्यात साधा प्रकार, पण बेल्ट, स्ट्रॅप आणि चॉक ही तिन्ही साधनं एकदमच इथे निघतात. वजन वाढत गेलं की शरीर तीन ठिकाणी माघार घेऊ शकतं. तळहाताला घाम येऊन बार निसटतो, बोटांची ताकद संपते, किंवा कंबर गोल व्हायला लागते. चॉक घामासाठी, स्ट्रॅप बोटांसाठी आणि बेल्ट कंबर-पोटासाठी आहे. यातली आपली अडचण कुठली हे न पाहता तिन्ही साधनं पहिल्या सेटपासून चढवली, तर ती कधी कळतच नाही.

चॉकबद्दल माझं मत सरळ आहे: ज्याला घाम येतो त्याने ते बिनधास्त वापरावं. ही मॅग्नेशियम कार्बोनेटची भुकटी असते आणि ती फक्त घाम शोषते. हातात नसलेली ताकद ती देत नाही, असलेली बारपर्यंत पोहोचू देते. मुंबईत किंवा कोकणात मे महिन्यात व्यायाम करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. हात आधी टॉवेलने कोरडा करावा, मग पातळ थर लावावा आणि जास्तीची भुकटी झटकून टाकावी. जाड थर दिला तर बार त्या भुकटीवरूनच घसरतो. जिममध्ये भुकटीला मनाई असेल तर द्रव चॉक मिळतं. त्यातलं अल्कोहोल उडून गेलं की हातावर तोच पांढरा थर उरतो.

चॉक लावण्याचा आणखी एक फायदा फारसा कोणी लक्षात घेत नाही. घाम बाजूला झाल्यावर खरी अडचण उघडी पडते. घामाने बार निसटतो तेव्हा मूठ बंदच असते आणि बार कातडी ओढत सरकतो. ताकद कमी पडते तेव्हा मूठ उघडते: करंगळी आणि अनामिका सैल पडतात, बार तळव्यातून बोटांच्या पेरांवर गडगडत येतो. कोरड्या, चॉक लावलेल्या हातातही असंच होत असेल, तर आणखी चॉक लावून उपयोग नाही.

इथे स्ट्रॅपचा प्रश्न येतो. स्ट्रॅप म्हणजे मनगटात अडकवून बारभोवती गुंडाळायची कापडी पट्टी. मनगटाला आधार देणारा रिस्ट रॅप वेगळा. तो बेंच प्रेससारख्या प्रकारांत लागतो आणि पकडीशी त्याचा संबंध नाही. स्ट्रॅप गुंडाळताना नवखे हमखास चुकतात. बोटं बारच्या वरून पुढे जाऊन खाली वळतात, म्हणून पट्टी उलट दिशेने, म्हणजे बारच्या खालून पुढे काढून वरून आपल्याकडे यायला हवी. ती बोटांच्याच दिशेने गुंडाळली तर बार गडगडताना मूठ आणि पट्टी दोन्ही एकदम सुटतात.

समजा, एक मुलगा वर्षभर स्ट्रॅप लावून डेडलिफ्ट करतोय. १२० किलोचे पाच रेप तो नीट काढतो. २० किलोचा बार, दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास किलो. एक दिवस स्ट्रॅप घरी राहतात आणि ९० किलोलाच तिसऱ्या रेपमध्ये बोटं उघडतात. त्याचे पाय आणि पाठ १२० चे झालेत, हात मात्र ९० लाच राहिलेत, कारण ६० किलोच्या वॉर्म-अपलाही तो स्ट्रॅप लावत आला. स्ट्रॅपची कुबडी होते ती अशी. हलक्या सेटमध्ये हाताला जे काम मिळायला हवं होतं, तेच त्याला कधी मिळालं नाही.

यावर त्याने स्ट्रॅप फेकून द्यावेत, असं मी म्हणणार नाही. तसं केलं तर पाठ आणि मांड्यांना महिनोन्‌महिने ९० वर अडकून पडावं लागेल. ६०, ८०, ९० हे चढते सेट त्याने नुसत्या हाताने करावेत, दोन्ही तळवे आपल्याकडे ठेवून. १२० च्या सेटला खुशाल स्ट्रॅप लावावेत. शेवटी वजन ८० वर आणून, बार उचलून दहा-पंधरा सेकंद धरून उभं राहावं. हाताला ते सोपं झालं की नुसत्या हाताची हद्द पाच किलोने पुढे न्यावी. रोमानियन डेडलिफ्ट किंवा रोइंगसारख्या प्रकारांत लांब सेट करायचे असतील, तर तिथेही स्ट्रॅप योग्यच आहेत. तिथे काम मांडीच्या मागच्या बाजूला किंवा पाठीला द्यायचं असतं आणि पकड आधी दमली तर ते अर्धवट राहतं.

एक ठिकाण मात्र पूर्ण वर्ज्य. क्लीनमध्ये बार खांद्यावर घेताना हात झटकन वळावा लागतो, गरज पडली तर बार सोडून द्यावा लागतो. हात बांधलेला असेल तर मनगटाला किंवा कोपराला गंभीर इजा होऊ शकते. वेटलिफ्टर सरावात स्नॅचला स्ट्रॅप वापरतात, पण क्लीनला टाळतात. स्पर्धेत तर वेटलिफ्टिंगमध्ये स्ट्रॅप चालतच नाहीत, चॉक चालतं. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्य मिळवलं, ते याच नियमात. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या स्पर्धांतही डेडलिफ्टला स्ट्रॅप लावता येत नाहीत. म्हणून स्पर्धेत उतरणाऱ्याला नुसत्या हाताचा आकडाच धरून चालावं लागतं.

बेल्टबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. तो मागून कंबर धरून ठेवतो, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर त्याचं काम पुढून आणि बाजूंनी चालतं. वजन उचलण्याआधी पोटात खोल श्वास भरून स्नायू आवळले की पोटाच्या आत दाब तयार होतो आणि तो कण्याला ताठ ठेवायला मदत करतो. सायकलच्या ट्यूबला टायर करतो ते काम इथे बेल्ट करतो: पोट बाहेर दाबलं की ते बेल्टवर अडतं आणि आतला दाब आणखी वाढतो. हवाच भरली नसेल तर टायरचा उपयोग नाही. म्हणून बेल्ट आवळून, छातीत उथळ श्वास घेऊन बार उचलणाऱ्याला मिळतो तो फक्त सुरक्षित असल्याचा भास.

बेल्टशिवाय हलक्या वजनाला तपासून पाहा. बोटं कंबरेच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या खाली ठेवा आणि श्वास भरा. बोटं बाहेर ढकलली गेली तर श्वास बरोबर जागी गेला. खांदेच वर आले तर बेल्ट घेण्याची वेळ अजून आलेली नाही. बेल्ट इतकाच आवळावा की आत एक बोट कसंबसं जाईल. पोट आत ओढून बांधला तर बाहेर दाबायला जागाच उरत नाही.

वापर कधी? ढोबळमानाने, एकदाच जेमतेम उचलता येईल त्या वजनाच्या ८० टक्क्यांपुढे. म्हणजे कमाल १४० किलो असेल तर सुमारे ११० नंतरच्या सेटना. त्याखालचं वजन बेल्टशिवाय करताना कंबर गोल होत असेल, तर दोष तंत्रात आहे किंवा वजन जास्त आहे. त्यावर बेल्ट चढवला की आणखी वीस किलो वाढवण्याची हिंमत येते आणि कंबर तेवढ्याच वाकड्या अवस्थेत जास्त भार घेते. मला खरी भीती याची वाटते. १९९४ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने, नायॉशने, कामगारांच्या पाठीच्या पट्ट्यांचा आढावा घेतला होता. निरोगी कामगारांना या पट्ट्या इजेपासून वाचवतात असा पुरेसा पुरावा तिला मिळाला नाही. मालाची खोकी उचलणं आणि डेडलिफ्ट एक नव्हे, आणि त्या पट्ट्याही मऊ असतात. पण नुसता पट्टा बांधला म्हणून पाठ वाचत नाही, हे दोन्हीकडे लागू आहे.

श्वास रोखून दाब वाढवताना रक्तदाबही थोड्या वेळासाठी बराच चढतो. उच्च रक्तदाब किंवा हर्निया असलेल्यांनी अशा वजनांपूर्वी डॉक्टरांना विचारावं. इतरांनी दोन सेटच्या मध्ये बेल्ट सैल करावा आणि नेहमीसारखा श्वास घ्यावा.