डाव चालू असताना बोलायचं किती?

पत्ते, कॅरम किंवा बुद्धिबळाचा घरगुती डाव फारसं कुणी मुक्याने खेळत नाही. "काका, वजीर सांभाळा", "आज राणी आमचीच", "हुकूम संपले वाटतं वहिनींचे" अशी वाक्यं डावाबरोबर येतातच, आणि त्यांच्यासाठीच कितीतरी जण खेळायला बसतात. स्पर्धेत मात्र तेच वाक्य पंचापर्यंत जाऊ शकतं. घरातले लोक सैल आणि स्पर्धेतले कडक असतात, एवढ्यावर हा फरक संपत नाही. प्रत्येक खेळात बोलण्याचा परिणाम वेगळ्या ठिकाणी होतो, म्हणून डिवचण्याची मर्यादाही खेळागणिक वेगळ्या जागी पडते.

बुद्धिबळात लपलेलं काहीच नसतं. दोघांचीही सगळी मोहरी पटावर उघडी असतात. त्यामुळे बोलून माहिती चोरता किंवा पुरवता येत नाही. धक्का लागतो तो समोरच्याच्या एकाग्रतेला. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचा, म्हणजे फिडेचा, नियम इथे सरळ आहे: प्रतिस्पर्ध्याचं लक्ष विचलित करणं किंवा त्याला त्रास देणं कोणत्याही प्रकारे चालत नाही. बरोबरीचा प्रस्ताव अवाजवीपणे पुन्हा पुन्हा मांडणं हाही याच नियमाचा भंग ठरतो. डिवचण्याला शब्दच लागतात असंही नाही. 1959 च्या कँडिडेट्स स्पर्धेत पाल बेंको हा खेळाडू मिखाईल तालसमोर काळा चश्मा लावून बसला, कारण तालची रोखलेली नजर त्याला नको होती. तालनेही एक भलामोठा काळा चश्मा मिळवून डोळ्यांवर चढवला. बघणाऱ्यांना हसू आलं आणि डाव तालने जिंकला. या चिमट्यात कुणाचं नुकसान झालं नाही, कारण बेंकोने स्वतः सुरू केलेल्या गोष्टीला दिलेलं ते उत्तर होतं.

घरी किंवा बागेत खेळल्या जाणाऱ्या झटपट डावांत, प्रत्येकी 5 मिनिटांच्या, बोलणं सर्रास चालतं. न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कमध्ये पैसे लावून खेळणारे लोक तर त्यासाठीच प्रसिद्ध आहेत. अशा डावांत न्याय्य बोलण्याची कसोटी घड्याळावरच सापडते. आपलं घड्याळ चालू असताना केलेली बडबड आपलाच वेळ खाते. तिची किंमत बोलणारा स्वतः मोजतो. खेळी करून घड्याळ दाबायचं आणि मग समोरच्याच्या उरलेल्या 40 सेकंदांत "आता कुठे जाणार घोडा?" असं सुरू करायचं, हे मात्र त्याच्या खिशातून वेळ काढून घेणं आहे. ज्याचं घड्याळ चालू त्यालाच बोलायची मुभा, एवढा एक संकेत पाळला तरी झटपट डावातली निम्मी भांडणं टळतात.

कॅरममध्ये प्रश्न हाताचा आहे. बोटाच्या फटक्यात विचार थोडा आणि सवय जास्त असते. सवयीने नीट होणाऱ्या हालचालीकडे मुद्दाम लक्ष गेलं की ती बिघडते. त्यामुळे कॅरमचा सर्वांत धारदार टोमणा बहुधा कौतुकाच्या रूपात येतो: "आज अंगठा काय सुरेख चाललाय तुमचा!" एवढं ऐकल्यावर खेळणारा अंगठ्याचा विचार करू लागतो आणि सरळ समोर असलेली सोंगटी पॉकेटच्या कडेला लागून परत येते. स्टीफन पॉटर या इंग्रज लेखकाने 1947 साली, उघड फसवणूक न करता खेळ कसे जिंकावेत यावर एक विनोदी पुस्तक लिहिलं. त्यातला बराच मालमसाला असल्याच सौम्य, सभ्य दिसणाऱ्या युक्त्यांचा आहे.

अशा कौतुकाला बंदी घालणं अशक्य आहे, आणि गरजही नाही. पाहायचं ते ते कधी आलं एवढंच. सोंगट्या मध्यभागी रचल्या जात असताना, पावडर टाकली जात असताना किंवा पाळी संपल्यावर कुणी काहीही म्हणावं. स्ट्रायकर बेसलाइनवर ठेवून खेळणारा वाकला की बोलणं थांबलं पाहिजे. सर्वांत नाजूक क्षण राणीच्या कव्हरचा. राणी पॉकेटमध्ये गेली की पुढच्याच फटक्यात आपल्या रंगाची सोंगटी घालावी लागते. ती हुकली तर राणी पुन्हा मध्यभागी ठेवली जाते आणि तिचे 3 गुणही हातचे जातात. या दोन फटक्यांच्या मधली शांतता खेळणाऱ्याच्या हक्काची आहे. तेवढ्यात "कव्हर कुठाय?" असं म्हणणाऱ्याला डिवचण्याची कला येत नाही, त्याला फक्त अडथळा आणता येतो. शिवाय दोघा-दोघांच्या कॅरममध्ये आणखी एक भानगड असते. "ती कडेची काळी सोडा हो" हे वाक्य विरोधकाला उद्देशून असलं तरी नेमकी सूचना भिडूला मिळते.

इथूनच पत्त्यांचा प्रांत सुरू होतो, आणि तो सगळ्यांत गुंतागुंतीचा आहे. पत्त्यांत पानं लपलेली असतात. भिडू असलेल्या खेळात एकमेकांना पानं कळवणं हीच मोठी लबाडी. त्यामुळे विरोधकाला मारलेला टोमणाच अनेकदा भिडूसाठीची खूण बनतो, आणि बोलणाऱ्याला त्याची जाणीव असतेच असंही नाही.

मेंढीकोटाचा एक डाव घेऊ. उत्तर-दक्षिण ही एक जोडी, पूर्व-पश्चिम दुसरी. बदाम हुकूम आहे. दोन दश्श्या उत्तर-दक्षिणकडे गेल्या आहेत. चौकटची आणि किलवरची बाकी आहे. तिसरी दश्शी मिळाली की उत्तर-दक्षिण डाव जिंकणार. उत्तरेने चौकटची सत्ती उतरली. चौकट या डावात पहिल्यांदाच आली आहे. पश्चिमेच्या हाती चौकटची दश्शी आणि पंजी आहे, दक्षिणेच्या हाती राजा आणि राणी, आणि शेवटी खेळणाऱ्या पूर्वेकडे एक्का. पानं उतरण्याचा क्रम उत्तर, पश्चिम, दक्षिण, पूर्व असा आहे.

एक्का कुठे आहे ते पश्चिमेला ठाऊक नाही, म्हणून समंजसपणे ती पंजी टाकेल. दक्षिण राणी टाकेल आणि पूर्व एक्क्याने हात घेईल. पण त्या हातात दश्शी नाही. पश्चिमेकडे आता चौकटची दश्शी एकटी उरली. चौकट पुन्हा उतरली की ती टाकावीच लागेल, दक्षिणेचा राजा ती उचलेल आणि डाव गेला.

आता समजा, सत्ती पडताच पूर्वेने उत्तरेकडे बघून हसत म्हटलं, "या चौकटीचीच वाट बघत होतो दादा!" वाक्य उत्तरेला डिवचायला होतं. पण पश्चिमेने ते ऐकलं, एक्का भिडूकडे आहे हे ओळखलं आणि पंजीऐवजी दश्शी टाकली. ती पूर्वेच्या एक्क्याखाली घरात आली. एका वाक्याने डाव फिरला. तेच वाक्य हात उचलून पालथा ठेवल्यावर आलं असतं, तर ते निव्वळ चिडवणं ठरलं असतं, आणि अगदी योग्य चिडवणं.

शंका असेल तेव्हा विचारायचा प्रश्न एकच: भिडूच्या कानांत बोळे असते तर त्याने हेच पान टाकलं असतं का? उत्तर नाही असेल, तर बोलणाऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असला तरी खूण झालीच. ब्रिजच्या नियमांत याची काटेकोर सोय आहे. भिडूच्या बोलण्यातून, हावभावातून किंवा त्याच्या रेंगाळण्यातून जे कळलं, त्याचा फायदा खेळाडूला घेता येत नाही. घेतला तर पंच डावाचे गुण बदलू शकतो. विरोधकाला फसवण्यासाठी अकारण थांबणंही गैर आहे. एखाद्या रंगाचं एकच पान हातात असताना, कोणतं टाकू असा विचार केल्याचा आव आणणं हे त्याचं ठरलेलं उदाहरण आहे. दुसऱ्या खेळाडूकडे टक लावून पाहणं आणि डाव संपलाच आहे अशा थाटात पानं मिटवून बसणं यांनाही ब्रिजच्या शिष्टाचारात जागा नाही. 1975 च्या बर्म्युडा बोल या जागतिक स्पर्धेत फाकिनी आणि झुकेली या इटालियन जोडीवर टेबलाखालून पायाने खुणा केल्याचा आरोप झाला आणि त्यांना गैरवर्तनाबद्दल ताकीद मिळाली. तोवर भिडूंच्या मधला पडदा टेबलाच्या वरच्या बाजूलाच असे. पुढे तो टेबलाखालीही आला.

भिडूच नसेल तर हिशोब बदलतो. पोकरमध्ये प्रत्येक जण स्वतःसाठी खेळतो, म्हणून आपल्या पानांविषयी खोटं बोलणं खेळाचाच भाग मानला जातो. तरीही डावात दोघांहून जास्त खेळाडू असताना पानांविषयी बोलू देत नाहीत, कारण त्याने तिसऱ्याचं नुकसान होतं. 2016 मध्ये लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत विल्यम कासूफ हा ब्रिटिश खेळाडू जवळपास प्रत्येक मोठ्या डावात अखंड बोलत राहिला. नुसत्या नव्वीच्या जोरावर, बोलून बोलून त्याने एका खेळाडूला पानं टाकायला लावली. तो 17 वा आला. पण डाव रेंगाळवल्याबद्दल आणि इतरांना वैताग दिल्याबद्दल त्याला ताकीद आणि शिक्षाही झाली. त्याच्या युक्तीला नियमांची हरकत नव्हती. टेबलावरच्या बाकी सगळ्यांचा वेळ तो त्यासाठी वापरत होता, तिथे त्याने हद्द ओलांडली.

टोमण्याचा विषय काय असावा, याबद्दल तिन्ही खेळांत मतभेदाला फारसा वाव नाही. पटावरचं प्यादं, अडकलेला स्ट्रायकर, चुकलेली उतारी हे सगळं मोकळं रान. माणसाची नोकरी, शरीर, जात, घर यांतलं काही आलं की खेळ बाजूला पडतो. नवशिक्याला आणि लहान मुलाला त्याच्या चुकीवरून डिवचणं अनुभवी खेळाडूला शोभत नाही, कारण त्यांना उलट टोला देता येत नाही. न्याय्य चिडवणं दोन्ही बाजूंनी चालतं. समोरचा उत्तर द्यायचं थांबला, पाळी आली की न बघता पान फेकू लागला, सोंगट्या गरजेपेक्षा जोरात मारू लागला, की आपला टोमणा लागला आहे हे ओळखावं आणि तोंड आवरावं, मग तो टोमणा कितीही निरुपद्रवी वाटलेला असो.

ज्याला त्रास होतो त्याने उलट टोमणा मारत बसू नये. बुद्धिबळाच्या स्पर्धेत घड्याळ थांबवून पंचाला बोलवावं. पंच ताकीद देऊ शकतो, त्रास देणाऱ्याचा वेळ कमी करू शकतो, समोरच्याचा वाढवू शकतो, आणि प्रकार गंभीर असेल तर डाव हरल्याचंही जाहीर करू शकतो. घरच्या पत्त्यांत पंच नसतो, म्हणून वाटप सुरू होण्याआधीच ठरवून घेणं बरं: भिडूला खूण झाली असं विरोधी जोडीने त्याच हातावर सांगितलं तर वाद न घालता सगळी पानं गोळा करायची, पिसायची आणि पुन्हा वाटायची.