गृहीत धरलेली संमती

विवाहाच्या वेळी दिलेला होकार किती काळ पुरतो आणि कशाकशाला पुरतो, हा प्रश्न आपल्या घरांतून क्वचितच विचारला जातो. मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे मात्र तो १८८४ साली येऊन उभा राहिला.

रखमाबाईंचा विवाह अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाला होता. त्यानंतरही त्या आपले सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच वाढल्या व शिकल्या. वयात आल्यावर त्यांनी पतीच्या घरी जाण्याचे नाकारले, तेव्हा पत्नीने नांदावयास यावे म्हणून दादाजींनी दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. जाणत्या स्त्रीला तिच्या मनाविरुद्ध एखाद्या पुरुषाच्या स्वाधीन करणे क्रूरपणाचे होईल, असे त्यांचे मत पडले. अपिलात हा निकाल फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी एक महिन्याच्या आत सासरी जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोगावा, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडमध्ये वैद्यक शिकून डॉक्टर झाल्या.

विवाहातील होकाराविषयी इंग्रजी कायद्यात एक जुना समज होता. विवाह करताना स्त्री स्वतःला पतीच्या स्वाधीन करते व तो होकार तिला मागे घेता येत नाही, असे सतराव्या शतकातील न्यायाधीश मॅथ्यू हेल यांनी लिहून ठेविले होते. खुद्द इंग्लंडमध्ये हा समज १९९१ साली तेथील सर्वोच्च न्यायासनाने टाकून दिला. आपल्याकडे त्याची छाया अद्याप आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये, पत्नी अठरा वर्षांखालील नसेल तर पतीने तिच्याशी केलेला शरीरसंबंध बलात्कार ठरत नाही, असा अपवाद ठेविला आहे. पतीपत्नी विभक्त राहत असतील तर मात्र संमतीवाचून केलेला संबंध हा निराळ्या कलमाखाली गुन्हा होतो. शिवाय २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात लैंगिक छळाचा समावेश असून, त्याखाली पत्नीला दंडाधिकाऱ्यांकडे संरक्षण मागता येते.

नांदावयास येण्याच्या दाव्याची तरतूद हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आजही आहे. १९८३ साली हैदराबादेस आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती घटनाविरोधी ठरविली. अशा हुकुमाने स्त्रीच्या शरीरावरील तिचाच अधिकार जातो, हे त्या निकालाचे मुख्य कारण होते. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम कायम केले.

परंतु बहुतेक घरांतील प्रश्न न्यायालयापर्यंत जातच नाही. बारा वर्षे संसार झालेले एक जोडपे डोळ्यांपुढे आणावे. दुसऱ्या बाळंतपणानंतर पत्नीचे अंग अजून दुखते, रात्रीची झोप मोडलेली असते. पती पूर्वीच्याच सवयीने जवळ येतो आणि ती काही बोलत नाही. तो या मौनाला होकार समजतो. तिला मात्र नाही म्हटले तर उद्या घरात अबोला राहील, खर्चाचे पैसे मागताना टोमणा ऐकावा लागेल, ही धास्ती असते. येथे बळजोरी कोणी केलेली नाही, तरी संमतीही कोणी विचारलेली नाही. निजावयास मुद्दाम उशीर करणे, पाठ फिरवून पडणे, अंग आखडून घेणे, नंतर गप्प राहणे, ही तिची उत्तरे असतात. ती वाचली जात नाहीत इतकेच.

अशा वेळी पतीने साध्या शब्दांत विचारावे आणि "आज नको" हे उत्तर रुसवा न धरता स्वीकारावे. होकार खरा होता की नाही, हे नकार दिल्यानंतरच्या दिवसावरून कळते. नकाराची किंमत मोजावी लागत असेल, तर त्या घरातील होकारावर विश्वास ठेवता येत नाही. काल दिलेला होकार आज मागे घेता येतो, आणि सुरुवातीस दिलेला मध्येच थांबविताही येतो. हे पतीच्या बाबतीतही तितकेच खरे आहे. थकलेल्या किंवा आजारी पुरुषाच्या नकाराची थट्टा होते, तेव्हा त्यालाही गृहीतच धरलेले असते.

एका रात्रीचा नकार हा विवाहाचा नकार नव्हे, हे दोघांनी एकदा उघडपणे बोलून घेतले, तर त्या जोडप्यातील पत्नीला पुढच्या वेळी गप्प राहावे लागणार नाही.