शब्द निराळे, साचा एकच
२०१७ साली अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने इंटरनेट समानतेचे नियम रद्द करण्यावर लोकांची मतं मागवली. सुमारे दोन कोटी वीस लाख आली. त्यातली जवळपास एक कोटी ऐंशी लाख बनावट असल्याचं न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांच्या चौकशीत पुढे उघड झालं.

बनावट मतं वाचताना शंका येत नसे. एकात ‘नागरिकांनी’, दुसऱ्यात ‘माझ्यासारख्यांनी’, तिसऱ्यात ‘अमेरिकी जनतेने’. पण जेफ काओ या विश्लेषकाने अर्थाने जवळची पत्रं संगणकावर एकत्र केली, तेव्हा समानार्थी शब्द ठरावीक जागीच बदलताना दिसले. वाक्यांचा क्रम मात्र तोच. अशी तेरा लाखांहून अधिक पत्रं एकाच साच्यातून निघाली होती.

ही युक्ती आता अपुरी आहे. २०१९ मध्ये मॅक्स वाइस या विद्यार्थ्याने आयडाहोच्या आरोग्य योजनेवर यंत्राने लिहिलेली १,००१ मतं पाठवली, म्हणजे एकूण मतांतली निम्म्याहून अधिक. प्रयोग असल्याचं सांगून त्याने ती मागे घेतली. प्रत्येक पत्र नव्याने घडलेलं, म्हणून साचा सापडत नाही. अधिकाऱ्यांनी मग मजकुराबाहेर पाहावं: पत्रं कोणत्या वेळी थव्याने आली, पत्ते खरे आहेत का, आणि काही जणांना फोन करून ‘हे तुम्हीच लिहिलंत का?’ असं थेट विचारावं.

सारखेपणा म्हणजे लबाडी नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवं. संघटनेने दिलेल्या नमुन्यावर स्वतःच्या मर्जीने नाव घालणारा माणूस खराच असतो. त्याचं पत्र फेकून देणं हा अन्याय ठरेल.